फ्लॅट विकत घेतला, सोसायटीचं ना हरकत पत्रही मिळालं, तरी शेअर सर्टिफिकेट नावावर होत नाही

रेवाकाठ
ठाण्यात, महापालिका हद्दीतल्या एका जुन्या सोसायटीत आम्ही दोघांनी मिळून फ्लॅट घेतला. करारनामा फेब्रुवारीत नोंदवला, मुद्रांक शुल्क भरलं, इंडेक्स टू हातात आहे, ताबाही मिळाला. त्याआधी जानेवारीत सोसायटीने आमच्या बँकेच्या नमुन्यात ना हरकत पत्र दिलं होतं. त्याच्याच आधारावर कर्ज झालं. विक्रेत्यांचं जुनं कर्ज आमच्या पैशातून फिटलं आणि त्यांच्या बँकेने मूळ शेअर सर्टिफिकेट सोडलं, ते आता माझ्याकडे आहे. आमची बँक म्हणते की त्यावर तुमचं नाव चढवून घ्या आणि मग आमच्याकडे जमा करा.

अडलंय ते सोसायटीत. सचिवांनी तोंडी आकडे सांगितले: 25,000 रुपये प्रीमियम, 75,000 रुपये इमारत दुरुस्तीसाठी देणगी, आणि आधीच्या मालकांची 40,000 रुपये बाकी. बाकी कशाची, तर त्यांनी फ्लॅट 20 महिने भाड्याने दिला होता त्याचं बिनभोगवटा शुल्क. "हे सगळं भरा, मग फाईल घेतो," असं म्हणतात. लेखी काही देत नाहीत आणि आमचे कागदही घेत नाहीत. विक्रेते आता बंगळुरूला राहतात, पण नोंदणीच्या दिवशीच त्यांनी हस्तांतरणाच्या अर्जावर आणि राजीनाम्यावर सह्या करून दिल्या आहेत.

हे पैसे खरंच द्यावे लागतात का? आणि फाईलच घेत नसतील तर पुढे काय करायचं?

घोडबंदरवाला
ताई, एक पैसा देऊ नका. ना हरकत पत्र दिलं म्हणजे सोसायटीने तुम्हाला स्वीकारलं. कायदाच सांगतो की तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर माणूस आपोआप सभासद होतो. फेब्रुवारीत नोंदणी झाली म्हणता, म्हणजे तुमचे तीन महिने भरलेच असतील. बँकेला तसं सांगा आणि मोकळ्या व्हा.

जुना_सचिव
तीन महिन्यांची तरतूद खरी आहे, सहकार कायद्याच्या कलम 22 मधली. पण ती मुदत करारनामा नोंदवल्यापासून मोजत नाहीत. सोसायटीला अर्ज मिळाल्यापासून मोजतात. रेवाकाठ यांचा अर्ज सोसायटीकडे पोचलेलाच नाही, त्यामुळे त्यांचा एक दिवसही भरलेला नाही. सचिव कागद हातात घ्यायला तयार नाहीत, त्याचं कारणही बहुधा हेच असावं.

दुसरं, जानेवारीतलं पत्र. ते सोसायटीने बँकेसाठी दिलं: हा फ्लॅट तारण ठेवायला आमची हरकत नाही, आणि बहुतेक वेळा सोबत चार-पाच कलमं. त्या पत्राने कोणी सभासद होत नाही. सभासदत्व समितीच्या ठरावाने मिळतं आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. मी मुलुंडच्या सोसायटीत बरीच वर्षं सचिव होतो. "एनओसी आहे ना, मग झालं की" म्हणत कितीतरी लोक वर्षानुवर्षं गप्प बसलेले मी पाहिलेत. पुढे फ्लॅट विकायला काढला की कळतं, सर्टिफिकेटवर अजून आधीच्या मालकाचंच नाव.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. 2014 च्या आदर्श उपविधींमध्ये, 38 क्रमांकाच्या उपविधीत, असं स्पष्ट आहे की भाग हस्तांतरणासाठी सोसायटीच्या ना हरकत पत्राची गरज नाही. विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ते हवं असेल तर त्यांनी मागायचं आणि समितीने महिन्याभरात त्यावर निर्णय करायचा. म्हणजे पत्राची गरज बँकेला असते. सोसायटीने ते अडवून पैसे मागावेत अशी त्याची जागाच नाही. तुमच्या सोसायटीने हेच उपविधी स्वीकारलेत का, तेवढं मात्र एकदा पाहून घ्या. जुन्या सोसायट्यांत जुनेच चालू असलेले आढळतात.

वाशीकर
ही गोष्ट सगळीकडे चालत नाही हं. आमच्याकडे जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची. सिडकोची परवानगी आणि त्यांचं हस्तांतरण शुल्क याशिवाय सोसायटी पुढे सरकतच नाही, आणि त्यात सोसायटीचं चुकतही नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या जमिनीवरच्या सोसायट्यांचंही तसंच. रेवाकाठ, तुमच्या इमारतीची जमीन कोणाची आहे?

रेवाकाठ
जमीन बिल्डरने मूळ मालकाकडून घेतलेली, सरकारी नाही. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालंय की नाही ते माहीत नाही.

जुना_सचिव
मग वाशीकर म्हणतात ती अडचण तुम्हाला नाही. अभिहस्तांतरण झालेलं नसलं तरी सभासदत्व त्यावाचून अडत नाही.

कोषाध्यक्ष_पूर्व
मी सध्या आमच्या सोसायटीच्या समितीत आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. विकणारा माणूस निघून गेला की त्याच्याकडून बाकी वसूल करणं फार जड जातं. हस्तांतरणाची वेळ हीच एक वेळ असते जेव्हा सोसायटीला हक्काने विचारता येतं. 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात जे वेगळं प्रकरण घातलं, त्यात कलम 154ब-7 मध्ये स्पष्ट आहे की सोसायटीची देणी भरल्याशिवाय हस्तांतरण अंमलात येत नाही. देणगीचं मी समर्थन करत नाही, पण 40,000 ची बाकी सोसायटीने का सोडावी?

जुना_सचिव
बाकीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त बाकी कायदेशीर हवी. रेवाकाठ, सोसायटीने महिन्याला बिनभोगवटा शुल्क किती लावलं होतं, आणि देखभालीच्या बिलात सेवा शुल्क म्हणून किती रक्कम येते? मालमत्ता कर आणि पाणीपट्टी बाजूला ठेवून सांगा.

रेवाकाठ
विक्रेत्यांकडून जुनी बिलं मागवली. सेवा शुल्क महिना 1,850 रुपये. बिनभोगवटा महिना 2,000 रुपये लावलंय.

जुना_सचिव
तिथेच हिशेब बिघडलाय. ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्क धरताना महापालिकेचे कर त्यात मिळवायचे नाहीत. 1,850 चे दहा टक्के म्हणजे महिना 185 रुपये. 20 महिन्यांचे 3,700. सोसायटी मागते आहे 40,000. म्हणजे 36,300 रुपये कशासाठी मागितले जातायत, हे त्यांनाच सांगावं लागेल.

आता प्रीमियमचं. तिथेही 9 ऑगस्ट 2001 चं परिपत्रक आहे. महापालिका हद्दीत 25,000 रुपये ही कमाल मर्यादा. लहान नगरपालिकांमध्ये ती उतरत जाते आणि ग्रामपंचायतीत 5,000 पर्यंत येते. दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. तुमच्या सोसायटीत तसा ठराव झालाय का, ते लेखी विचारा. ठराव 10,000 चा असेल तर 10,000 च. याशिवाय 500 रुपये हस्तांतरण शुल्क आणि 100 रुपये प्रवेश शुल्क. देणगी, दुरुस्ती निधी, विकास निधी अशा कुठल्याही नावाने जास्तीची रक्कम घ्यायला त्याच परिपत्रकाने मनाई केली आहे. ते 75,000 त्यात सरळ बसतात.

म्हणजे ठराव पूर्ण 25,000 चा असला तरी तुमच्या हस्तांतरणाचे होतात 25,600, आणि विक्रेत्यांच्या नावचे 3,700.

घोडबंदरवाला
पण देणगी "ऐच्छिक" म्हणून लिहून घेतात. मग काय करणार?

जुना_सचिव
सभासदत्व अडवून मागितली तर ती ऐच्छिक राहत नाही. पण तुम्ही स्वतः "स्वेच्छेने" असं लिहून सही केली, तर परत मिळवताना ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. म्हणून अशा कागदावर सही करायचीच नाही.

सुनंदा_ब
माझाही असाच प्रश्न आहे. वडील गेले, फ्लॅट त्यांच्या नावावर, नामनिर्देशन माझ्या नावाने आहे. सोसायटी माझ्याकडूनही 25,000 प्रीमियम मागते आहे आणि भावाचं ना हरकत पत्र आणा म्हणते. देणगी मात्र मागितलेली नाही.

जुना_सचिव
सुनंदाताई, तुमचं विक्रीचं प्रकरण नाही, वारसाचं आहे. नॉमिनीच्या किंवा कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे हस्तांतरण होतं तेव्हा प्रीमियम लागत नाही, तो नाकारा. भावाचा मुद्दा मात्र सोपा नाही. नामनिर्देशनाने सोसायटीशी व्यवहार करायचा अधिकार मिळतो, मालकी कोणाची ते वारसा कायद्याने ठरतं. 2019 नंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूदही आली आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. इथे दोन्ही विषय एकमेकांत मिसळले तर वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल.

कर्जविभाग_निवृत्त
मी बँकेत गृहकर्ज विभागात होतो. रेवाकाठ, जानेवारीतल्या त्या ना हरकत पत्राची प्रत काढून नीट वाचा. बँकांच्या नमुन्यात बहुतेक वेळा एक ओळ असते की अमुक तारखेपर्यंत विक्रेत्याकडे सोसायटीची काहीही बाकी नाही. आणखी एक ओळ असते की सोसायटी खरेदीदाराला सभासद करून घेईल आणि बँकेचा बोजा आपल्या दप्तरी नोंदवेल. तुमच्या पत्रात या दोन्ही ओळी आहेत का?

रेवाकाठ
आत्ताच कपाटातून काढून वाचलं. पत्रात लिहिलंय, "सदर सदनिकेसंबंधी विक्रेत्यांकडून संस्थेस आजअखेर कोणतीही रक्कम येणे नाही." खाली सचिव आणि अध्यक्ष दोघांच्या सह्या आणि सोसायटीचा शिक्का. बोजा नोंदवण्याचं वाक्यही आहे. सभासद करून घेण्याबद्दल मात्र काही नाही.

कर्जविभाग_निवृत्त
मग 40,000 च्या बाकीबद्दल तुमच्या हातात सोसायटीचाच लेखी शब्द आहे. भाड्याचे 20 महिने जानेवारीच्या आधीचे की नंतरचे?

रेवाकाठ
आधीचे. भाडेकरू डिसेंबरमध्येच गेले होते.

कोषाध्यक्ष_पूर्व
इथे मला अजूनही शंका आहे. आमच्याकडे अशी पत्रं बँकेने दिलेल्या छापील नमुन्यावर घाईत सही करून दिली जातात. हिशेबात नजरचुकीने बाकी राहून गेली असेल तर त्या एका वाक्यामुळे सोसायटीचा वसुलीचा हक्क संपतो का? मला तसं वाटत नाही. लेखापरीक्षणात बाकी दिसत असेल तर ती दिसणारच.

जुना_सचिव
हक्क पूर्ण संपतो असं मीही म्हणणार नाही. सोसायटी विक्रेत्यांवर वसुलीची कारवाई करू शकेल. पण त्या पत्रावर विसंबून बँकेने कर्ज दिलं आणि खरेदीदाराने सगळी रक्कम चुकती केली. आता त्याच बाकीसाठी खरेदीदाराचा अर्जच घ्यायचा नाही, हे उपनिबंधकांसमोर टिकवणं अवघड जाईल. माझं मत विचाराल तर रेवाकाठ यांनी विक्रेत्यांकडून 3,700 रुपये सोसायटीला "हक्क राखून" असं लिहून भरायला सांगावं. वाजवी रक्कम भरली, आणि उरलेल्या आकड्याचा वाद आहे तसा शाबूत राहिला.

आता फाईलचं. हे सविस्तर लिहितो, कारण सगळं यावरच अवलंबून आहे.

मूळ सर्टिफिकेटची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा. फाईलमध्ये विक्रेत्यांचा हस्तांतरणाचा अर्ज, त्यांचा राजीनामा, तुमचा सभासदत्वाचा अर्ज, नोंदणीकृत करारनाम्याची आणि इंडेक्स टूची प्रत, उपविधींमधली हमीपत्रं आणि 600 रुपयांचा धनादेश लावा. सर्वसाधारण सभेने किती प्रीमियम ठरवलाय ते लेखी कळवलं की त्याचा धनादेश लगेच देऊ, असं सोबतच्या पत्रात लिहा. त्याच पत्रात कागदांची यादी क्रमांक घालून द्या. उपविधींप्रमाणे विक्रीआधी 15 दिवस सोसायटीला हस्तांतरणाच्या इराद्याची सूचना द्यायची असते, सोबत घेणाऱ्याचं संमतीपत्र. ती विक्रेत्यांनी दिली होती का? दिली असेल तर तिचीही प्रत जोडा.

मूळ सर्टिफिकेट या फाईलबरोबर पाठवू नका. ते समितीसमोर दाखवायला आणि नाव चढवण्यासाठी द्यायला तयार आहे असं लिहा, आणि देताना त्याची वेगळी पोच घ्या. हातातून गेलेलं सर्टिफिकेट सोसायटीच्या कपाटात महिनोन्महिने पडून राहिलेलं मी पाहिलंय.

फाईल घेऊन सोसायटीच्या कार्यालयात जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागा. दिला नाही तर तीच फाईल पोचपावतीसह स्पीड पोस्टाने सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा.

पुढे तीन गोष्टी होऊ शकतात आणि तिन्हींची वाट वेगळी आहे. टपाल घेतलं पण उत्तर दिलं नाही, तर तीन महिन्यांनी मानीव सभासदत्वाचा मुद्दा उभा राहतो. लेखी नकार दिला, तर दोन महिन्यांत निबंधकांकडे अपील. आणि टपाल किंवा धनादेश परत पाठवला, तर कलम 23 च्या पोटकलम 1अ खाली तोच अर्ज पैशांसह निबंधकांकडे द्यायचा. ते 30 दिवसांत सोसायटीकडे पाठवतात, आणि सोसायटीने त्यानंतर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही मानीव सभासद. परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच ठेवा.

घोडबंदरवाल्यांना एवढंच सांगतो की "आपोआप" हा शब्द कागदावरच सोपा आहे. सोसायटीने मान्य केलं नाही तर मानीव सभासद झालात की नाही हेही निबंधकच दोन्ही बाजू ऐकून ठरवतात. तो आदेश हातात आल्यावरच सर्टिफिकेटवर नाव चढवून घेता येतं.

रेवाकाठ
विक्रीआधीची सूचना दिली होती, ईमेलने. सचिवांचं "मिळाली" असं उत्तर आहे, त्याची छापील प्रत जोडते.

कळवा_कल्याण
माझी अडचण याहून वाईट आहे. चार वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला, विक्रेत्यांनी करारनाम्यावर सही केली पण हस्तांतरण अर्ज आणि राजीनामा दिलाच नाही. आता ते परदेशात, फोन उचलत नाहीत. सोसायटीचा माझ्याबद्दल काही राग नाही, पण विक्रेत्यांची सही आणा म्हणतात. करारनामा नोंदणीकृत आहे, पूर्ण पैसे दिल्याचा पुरावा आहे.

कर्जविभाग_निवृत्त
म्हणूनच आम्ही खरेदीदारांना सांगायचो की शेवटचा धनादेश हातात द्यायच्या आधी ते सगळे फॉर्म सही करून घ्या. रेवाकाठ यांनी ते करून घेतलंय, त्यांचं अर्धं काम तिथेच झालं.

जुना_सचिव
कळवा_कल्याण, विक्रेत्यांच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर सोसायटीमार्फत सूचना पाठवा, ठरावीक मुदत द्या, आणि उत्तर आलं नाही तर नोंदणीकृत करारनाम्याच्या आधारावर समितीने ठराव करावा अशी लेखी मागणी करा. काही समित्या नुकसानभरपाईचं हमीपत्र घेऊन करतात, काही करत नाहीत. करत नसतील तर निबंधकांकडे जावं लागेल. तिथे काय निघेल, हे मी खात्रीने सांगणार नाही.

रेवाकाठ
खबर देते. फाईल कार्यालयात घेतली नाही, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवली आणि ती स्वीकारली गेली, सहीची पोच आहे. त्यानंतर सचिवांचं पत्र आलं, या विषयावरचं त्यांचं पहिलंच लेखी. देणगीचा उल्लेखच नाही. प्रीमियम 25,000, सर्वसाधारण सभेच्या ठरावाप्रमाणे, पण ठरावाची तारीख दिलेली नाही. बाकी 40,000 मात्र कायम. विक्रेत्यांनी 3,700 भरले, पावती मिळाली, पावतीवर "अंशतः" असं लिहिलंय.

आणि एक विचारायचं राहिलं. प्रीमियम कोणी द्यायचा, विकणाऱ्याने की आम्ही? विक्रेते म्हणतात तुम्हीच.

कोषाध्यक्ष_पूर्व
देणगी पत्रातून गेली हे चांगलं झालं. प्रीमियम आमच्याकडे बहुतेक निम्मा-निम्मा वाटून घेतात. सोसायटीला कोणीही भरला तरी चालतं.

जुना_सचिव
तुमच्या करारनाम्यात हस्तांतरणाच्या खर्चाचं कलम असेल, तेच तुमच्या दोघांवर बंधनकारक. "सोसायटीचे हस्तांतरण शुल्क व अधिमूल्य" कोणावर टाकलंय ते पाहा. कलमच नसेल तर निम्मा-निम्मा मागा, पण त्यावरून धनादेश अडवून ठेवू नका. आत्ता तुमचा अर्ज अपुरा आहे असं म्हणायची संधी सोसायटीला देऊ नका. 25,000 भरा, पावती घ्या, आणि त्याच पत्रात ठरावाची प्रत मागा. ठराव कमी रकमेचा निघाला तर वरचे पैसे परत मागता येतील.

आणि समितीने मंजूर केलं की सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूची नोंद तिथेच उभं राहून तपासा. समितीच्या सभेची तारीख, विक्रेत्यांचा भाग नोंदवहीतला क्रमांक, तुमची नावं आणि तुमचा नवा क्रमांक, तीन सह्या आणि शिक्का. नावं इंडेक्स टूमध्ये आहेत त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने हवीत. पहिलं नाव कोणाचं यावर मतदानाचा हक्क ठरतो. आय नमुन्याच्या सभासद नोंदवहीतही नोंद झाली का ते विचारा. नुसतं सर्टिफिकेट पालटलं आणि नोंदवहीत जुनंच नाव राहिलं, तर पुढच्या सभेच्या यादीत तुम्ही नसता.

रेवाकाठ
करारनाम्यात कलम आहे. "सोसायटीचे सर्व हस्तांतरण खर्च खरेदीदार करतील." म्हणजे आमच्यावरच. 25,000 चा धनादेश उद्या देते. बँकेचा बोजा नोंदवल्याचं पत्रही याच वेळी मागू का, की नाव चढल्यावर?

कर्जविभाग_निवृत्त
नाव चढल्यावर. पण अर्जात आत्ताच लिहून ठेवा की बोजा नोंदवून तसं पत्र द्यावं. आणि नाव चढवायला मुदतीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पोचेची प्रत जोडून बँकेला आधीच कळवा. मुदत वाढवून मागितली तर बँका सहसा देतात, पण न कळवता मुदत उलटली तर काही बँका दंड व्याज लावतात.

घोडबंदरवाला
40,000 चं काय ठरलं ते इथे नक्की लिहा, रेवाकाठताई. आमच्या सोसायटीतही बिनभोगवट्याचं महिना 1,500 लावतात, उद्या सचिवांना तो 2001 चा आदेश दाखवतो.